काटा जागेवर, पट्टा सैल

जिममध्ये नाव घातलं त्याच आठवड्यात दोन जाणकारांनी मला दोन दिशांना पाठवलं. एक ट्रेनर म्हणाला, "सर, तुम्ही बारीक आहात, आधी बल्क करा. भरपूर खा, पोटाचं नंतर बघू." दुसऱ्याने शर्टाच्या बटणांवर ताणलेलं पोट पाहिलं आणि म्हणाला, "सर, आधी कट." दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय साडेतेवीस. हात-पाय काडीसारखे आणि कंबर ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची धोक्याची रेषा ९० मानतात. भरपूर खावं तर पोट सुटणार, उपाशी राहावं तर आहेत ते दंडही जाणार.

ही शरीरयष्टी माझ्या एकट्याची नाही, आपल्याकडची घाऊक आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२. स्वतःचं पोट असं जगापुढे मांडणाऱ्या संशोधकाबद्दल मला आदर वाटतोच, शिवाय थोडा धीरही येतो.

तिसरा रस्ता जिममधल्याच एका अनुभवी ताईंनी सांगितला. त्याला तिथे 'रिकॉम्प' म्हणतात. वजन साधारण तेवढंच ठेवायचं, चरबी उतरवायची आणि स्नायू चढवायचे, दोन्ही एकाच वेळी. मला हे अशक्य वाटलं. बांधायला जास्तीचं अन्न लागतं आणि उतरवायला कमी, मग दोन्ही एकत्र कसं होणार? ताईंचं उत्तर साधं होतं. स्नायूला दोन गोष्टी लागतात, माल आणि इंधन. माल म्हणजे प्रोटीन, ते ताटातूनच यायला हवं. इंधन मात्र पोटावरच्या चरबीतून निघू शकतं, कारण साठा भरपूर आहे. शिवाय ज्याने आयुष्यात वजन उचललेलं नाही त्याचे स्नायू थोड्याशा ताणालाही जोरात प्रतिसाद देतात. थोडक्यात, माझ्याकडे साठाही होता आणि अडाणीपणाही. दोन्ही पात्रता पूर्ण.

खरी अडचण स्वयंपाकघरात निघाली. वजनाच्या दर किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रोटीन असा अंदाज धरला, म्हणजे मला रोज ११० ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. एका रविवारी मी नेहमीच्या जेवणाचा हिशेब मांडला. पोहे, पाच पोळ्या, दोन वाट्या आमटी, थोडा भात, वाटीभर दही आणि दिवसभराचा चहा. सगळं मिळून जेमतेम पन्नास. आमटीच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅमच, हे ऐकून आईला अपमान वाटला. "मग शेंगदाणे खा मूठमूठ," ती म्हणाली. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत तेरा ग्रॅम प्रोटीन मिळतं खरं, पण सोबत २८० कॅलरी येतात. म्हणजे प्रोटीन तुटपुंजंच राहतं आणि चरबी उतरवायला जी तूट ठेवायची ती एका मुठीत भरून निघते.

शेवटी सकाळी तीन अंडी, दुपारी चाळीस ग्रॅम सोया चंक्सची उसळ आणि रात्री शंभर ग्रॅम पनीर असं बसवलं. यातूनच पंचावन्नच्या वर मिळतात. त्या बदल्यात एक पोळी, संध्याकाळचा चिवडा आणि चहातली साखर गेली. दिवसाला दोन-अडीचशे कॅलरींचीच तूट ठेवायची, जास्त नाही, असं ताईंनी बजावलं होतं. चिवड्याची आठवण अजून येते.

व्यायाम आठवड्यातून तीनदा. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, बाकावर पडून डंबेल प्रेस, लॅट पुलडाऊन आणि कमरेतून वाकून बार उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट, आठ ते बारा रेप्स. अजून एखाद-दुसरी रेप निघेल असं वाटताना थांबायचं, आणि तिन्ही सेटमध्ये बारा जमल्या की पुढच्या वेळी वजन वाढवायचं. सगळं वहीत लिहायचं.

आणि इथून माझा गोंधळ सुरू झाला. सुरुवातीलाच काटा जवळपास एक किलो वर गेला. ताई म्हणाल्या, नव्या व्यायामाने स्नायूंत पाणी धरलं जातं, ती चरबी नाही. मग जिममधल्या शरीरमापन मशिनवर उभा राहिलो, तर तिने स्नायू पावणेदोन किलोने घटल्याचा कागद हातात ठेवला. एका आठवड्यात! ती मशिन अंगातून सौम्य विजेचा प्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधते. आदल्या रात्री जेवण कमी झालं, पाणी कमी प्यायलं, घाम गेला की आकडे बदलतात. तो कागद मी फाडला.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, बेंबीवर, दर आठवड्याला त्याच जागी. सुरुवातीला वजन ६८.२ आणि कंबर ९४. दोन महिन्यांनी वजन ६८.४, कंबर ९१. चार महिन्यांनी वजन ६७.५, कंबर ८८.५. प्रेसची डंबेलं साडेसातवरून पंधरा किलोची झाली. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ स्नायूंची कमी आणि मेंदूला हालचाल जमल्याची जास्त असते, पण चौथ्या महिन्यातही डंबेलचं वजन वाढत असेल आणि टेप आत येत असेल, तर आत काय चाललंय ते कळतं. नुसता काटा पाहिला असता तर चार महिन्यांत सातशे ग्रॅम, एवढंच हाती लागलं असतं.

टेप आणि वही दोन्ही एकत्र वाचायच्या. वही वाढतेय पण टेप हलत नाही, तर खाणं जास्त होतंय. टेप आत जातेय पण वही घसरतेय, तर तूट मोठी आहे किंवा झोप अपुरी.

माझं पाहून भाच्यानेही हेच धरलं. तो चार वर्षं नेटाने व्यायाम करणारा, पोटावर रेषा दिसणारा. तीन महिन्यांत त्याची ना वही हलली ना टेप. त्याच्याकडे काढायला चरबी नाही आणि शरीर सरावलेलं, त्याला थोडं वाढवून खाणंच योग्य. उलट शेजारचे एकशेपाच किलोचे काका, त्यांचे स्नायूही वाढतील, पण त्यांचा काटा खाली यायलाच हवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या तरुणांच्या आहारात ४० टक्के तूट ठेवली. चार आठवड्यांत भरपूर प्रोटीन घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी ४.८ किलोने उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढलं. पण आठवड्यातून सहा दिवस कडक व्यायाम आणि मोजून दिलेलं जेवण, असा तो बेत होता. काकांच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. कधीकाळी व्यायाम करून सोडलेल्यांचं मात्र बरं असतं, गेलेला स्नायू नव्यापेक्षा लवकर परत येतो.

आता माझी कंबर ८७ वर आहे आणि पंधराची डंबेलं गेले काही आठवडे तिथेच अडली आहेत. ताईंच्या मते माझ्या नवखेपणाचा फायदा संपत आला. म्हणून दिवसाला दीडशे कॅलरी वाढवून पाहायचं ठरलं आहे, टेपवर डोळा ठेवून. आईने ताबडतोब पोळी सुचवली. मी अर्ज चिवड्याचा केला आहे.