सिंकखालचं प्लायवूड

गणपती गेले, पाऊस ओसरायला लागला की कुडाळ भागातल्या सुताराकडे एक काम हमखास येतं. ओट्याखालच्या कपाटाचं दार लागत नाही. माणसं समजतात बिजागरी गेली. बिजागरी क्वचितच गेलेली असते. दार किंवा खालची बाजू फुगलेली असते, आणि बहुतेक वेळा ते कपाट सिंकखालचं असतं.

यंदा आमच्या वाडीतल्या एका वहिनींनी बोलावलं. कपाट दोन पावसाळ्यांपूर्वी तालुक्याच्या एका दुकानातून तयार आणलेलं, वर छान पांढरा सनमायका. वहिनी म्हणाल्या, "दुकानदार तर वॉटरप्रूफ प्लाय म्हणाला होता. आणि सनमायकावर पाणी सांडलं तरी मी लगेच पुसते." मी कपाटाच्या बाजूच्या फळीला कॅलिपर लावला. वरच्या टोकाला जाडी अठरा मिलिमीटर भरली, जमिनीलगत तेवीस. म्हटलं, "वहिनी, वरून पाणी गेलंच नाही. फळी फरशीवर उभी आहे आणि तुम्ही रोज फरशी पुसता. खालची उघडी कड दोन वर्षं पाणी पितेय."

लाकडातून पाणी कसं चालतं ते कळलं की हे पटतं. झाडाच्या खोडात पाणी मुळाकडून शेंड्याकडे नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. फळी कापली की त्या नळ्यांची तोंडं कापलेल्या टोकाला उघडी पडतात आणि तिथून पाणी भराभर आत चढतं. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणजे चारही कडांना कुठल्या ना कुठल्या थराची तोंडं उघडीच असतात. सनमायका फक्त दोन मोठे पृष्ठभाग झाकतो.

पाणी प्यायलेलं लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, रेषेला आडवं मात्र फुगतं. प्लायवूडमध्ये शेजारचा आडवा थर ते फुगणं रुंदीत रोखून धरतो, म्हणून शीट लांबी-रुंदीला वाढत नाही. जाडीच्या दिशेने मात्र रोखायला कुणीच नसतं. चांगल्या प्लायमध्येही जाडी थोडी वाढते, आणि वाळलं की बरीचशी पूर्ववत होते. सगळा प्रश्न थरांमधल्या गोंदाचा आहे. लाकूड फुगताना गोंद टिकला, तर फळी सावरते. गोंद सुटला, तर थर वेगळे होतात, मध्ये फट पडते, फटीत आणखी पाणी साठतं. एकदा असं झालं की फळी वाळवून, शिकंज्यात आवळूनही पूर्वीसारखी होत नाही.

वहिनींच्या फळीचा फुगलेला तुकडा मी करवतीने कापून त्यांच्या हातात दिला. थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे बोटानेच सुटत होते. मधल्या थरांत दोन ठिकाणी करंगळीचं टोक जाईल एवढ्या पोकळ्या होत्या. स्वस्त प्लायमध्ये आतला कोअर तुकडे जोडून भरतात, त्यांच्यात फटी राहतात, आणि वरचा चांगला दिसणारा थर ते सगळं झाकतो. स्क्रू नेमका अशा पोकळीत गेला की पकड राहत नाही.

"मग घ्यायचं कुठलं?" वहिनींनी विचारलं.

बाजारात मुख्य नावं तीन. पहिलं एमआर, म्हणजे दमट हवेला तोंड देणारं. यात बहुधा युरियाचा गोंद असतो. हॉलमधला शोकेस, कपड्यांचं कपाट यांना ते चालतं. पण युरियाचा गोंद सतत ओल आणि उष्णता लागली की हळूहळू तुटतो, आणि स्वयंपाकघरात दोन्ही असतात. दुसरं बीडब्ल्यूआर, उकळत्या पाण्याला टिकणारं, फिनॉलच्या गोंदाचं. तिसरं मरीन, त्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं. त्याच्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळतात, आणि लाकडावर कीड व बुरशीविरुद्ध प्रक्रियाही केलेली असते. एमआरलासुद्धा काही दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून विकतात. त्या शब्दावर जाऊ नका, शीटवरचा शिक्का वाचा. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर घातला की परवाना कोणाचा, हे दिसतं.

शिक्काही खोटा असू शकतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला घरीच करता येईल अशी परीक्षा सांगतो. दुकानातून तळहाताएवढा तुकडा मागून घ्या. अंगणातल्या चुलीवर, पुन्हा स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या पातेल्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळत ठेवा. पाणी आटलं की घाला. एमआरचे थर बहुतेक वेळा त्याआधीच सुटू लागतात. नाही सुटले, तर तुकडा वाळवून दोन थरांमध्ये पटाशी घालून उचका. थर गुळगुळीत, स्वच्छ सुटला तर गोंद हरला. लाकडाचे तंतू फाटून दोन्ही बाजूंना चिकटून राहिले, तर गोंद लाकडापेक्षा घट्ट आहे, ते प्लाय घ्या. गोंदाच्या रेषेचा रंग बघून ठरवू नका. फिनॉलची रेषा गडद तपकिरी असते, पण हलक्या गोंदात रंग मिसळूनही तशी करता येते.

वहिनींच्या घरी आम्ही असं ठरवलं: सिंकच्या खणाला मरीन, ओट्याखालच्या बाकीच्या खणांना बीडब्ल्यूआर. भिंतीवरची कपाटं एमआरची होती आणि ठणठणीत होती. ती मी काढू दिली नाहीत, तिथे पाणी पोचतच नाही.

मरीन घेतलं म्हणजे चिंता मिटली, असं मात्र नाही. पाण्याला टिकतो तो गोंद, लाकूड नव्हे. सिंकचा पाइप थेंब थेंब गळत राहिला तर मरीनही ओलं राहून कुजतं. म्हणून खरी मेहनत कडांवर. कापलेली प्रत्येक कड, दिसणारी असो वा भिंतीकडची, पॉलिश पेपरने घासून तिला प्रायमर आणि रंगाचे हात दिले. दर्शनी कडांना पट्टी चिकटवली. बिजागरीच्या वाटीसाठी दाराला ३५ मिलिमीटरचं भोक पाडतात, त्याच्या आत लाकूड उघडंच राहतं. पाइपसाठी पाडलेल्या भोकाचंही तेच. दोन्हींच्या आत ब्रशने रंग भरला, मगच बिजागरी बसवली. हे काम नंतर करू म्हटलं की राहून जातं. सनमायकासुद्धा दाराच्या दोन्ही बाजूंना लावला. एकाच बाजूला लावला तर दुसरी बाजू ओल घेते आणि दाराला बाक येतो.

कपाट आता जमिनीला टेकत नाही. चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभं आहे, पुढची पट्टी क्लिपने निघते, त्यामुळे फरशी पुसताना आतही पोचता येतं.

जाताना वहिनींनी त्यांच्या जावेच्या घरासाठी खर्च विचारला. तिथे पैसे कमी, आणि ओट्याखाली जुने कडप्प्याचे खण आहेत. मी सांगितलं, ते फोडू नका. कडप्पा पाण्याने फुगत नाही. पुढे फक्त बीडब्ल्यूआरची दारं लावू, कडा नीट बंद करून, आणि सिंकच्या खणात तळाला प्लाय घालायचंच नाही.