मोबाईल बसमध्ये गेला, तक्रार कुठे करायची?

१ जुलै २०२४ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा आमच्या अंकासाठी प्रश्नोत्तरं लिहायचं काम माझ्याकडे आलं. एका वकील स्नेह्यांनी प्रश्नांची यादी धाडली. पहिलाच प्रश्न होता, ‘कलम १७३ची वैशिष्ट्ये कोणती?’ असा प्रश्न परीक्षेत येतो, पोलीस ठाण्याच्या दारात उभ्या माणसाला पडत नाही. यादी बाजूला ठेवून मी एसटी स्टँडवर लोकांशी बोलत बसलो.

साताऱ्याहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, “स्वारगेटला उतरल्यावर कळलं, मोबाईल गेला. कुठं मारला ठाऊक नाही. तक्रार साताऱ्याला करायची का इथं?” हा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत ठेवला. उत्तराची सुरुवातही थेट केली: इथंच करा. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवावी लागते. कलमाचा आकडा शेवटी दिला.

पण काकूंचा पुढचा प्रश्न खरा अवघड होता. “फोन जुना हाय, चार हजारांचासुद्धा नसंल. तरी लिहून घेतील?” पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी नव्या संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ होईल, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ‘कुठेही तक्रार करा’ एवढंच छापलं असतं, तर वाचक एफआयआरच्या आशेनं ठाण्यात गेला असता आणि हवालदाराशी भांडून परतला असता. म्हणून पहिल्या उत्तरात एक वाक्य वाढवलं: फोनची किंमत किती, ते आधी पाहा. असं पोटातलं ‘पण’ कायद्याच्या मुख्य कलमात क्वचितच सापडतं, त्यासाठी परिशिष्टं चाळावी लागतात.

एका तरुणाला वाटत होतं, ईमेल केला की एफआयआर झालाच. तसं नाही. तक्रारदारानं तीन दिवसांत सही केली तरच ती माहिती नोंदीवर येते. दुसऱ्यानं विचारलं, “चोरी २८ जूनची, तक्रार ५ जुलैची. कायदा कुठला?” इथं एका शब्दात उत्तर देता येत नाही. गुन्हा जुन्या दंडसंहितेखाली, कलम ३७९. तपासाची रीत मात्र नवी. ही तारखेची जोडी तशीच छापली, कारण नियम सांगण्यापेक्षा तारखा दाखवल्या की लगेच कळतं.

‘हा कायदा चांगला का?’ हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. तो मी गाळला. ते मत झालं, त्याची जागा अग्रलेखात.

शेवटचं उत्तर असं लिहिलं: ठाण्यानं दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवा आणि तरीही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. एफआयआर झाला, तर त्याची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या.