एक लॅपटॉप, दोन वर्ग आणि बाबांची पाळी



आम्ही बहीण-भाऊ बोईसरचे. वडील तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतात. जून २०२० मध्ये शाळा ऑनलाइन सुरू झाल्या, तेव्हा आमच्यातली थोरली बारावी विज्ञानाला होती नि धाकटा आठवीत. थोरलीचे कॉलेज पालघरला. एरवी उमरोळी ओलांडून लोकलने जावे लागे, आता कॉलेजच घरात आले. घरात मात्र खोली एक, जुना घेतलेला लॅपटॉप एक, त्याला लावायचे डोंगल एक. बाबांचा मोबाईल बाबांबरोबर जाई आणि आईचा साधा, बटणांचा.

त्या जुलैत केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांना मर्यादा घातली. पहिली ते आठवीला दिवसाला दोन तासिका, नववी ते बारावीला चार, प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांची. थोरलीच्या तासिका आठ, नऊ, दहा नि अकराला. धाकट्याच्या नऊ नि दहाला. म्हणजे रोज दोनदा टक्कर.

आधी एक दिवस तिचा, एक दिवस त्याचा असे केले. पण धाकट्याचे गणित सोम-बुध-शुक्र, आणि नेमके तेच वार थोरलीकडे आले. आठवड्याभरात त्याचे गणितच बुडाले. मग वेळ निम्मी-निम्मी वाटली. त्यात चार तासिकांपैकी दोन थोरलीने सोडायच्या नि धाकट्याने एकही नाही! कागदावर समान, पण नुकसान सगळे एकीचे. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, "मुलाला द्या, पोरगी काय सासरी जायची." आई त्यांना एवढेच म्हणाली, "सासरी जाईल तेव्हा जाईल, बारावी यंदा आहे."

त्या रात्री आईने बाबासाहेबांच्या शाळेच्या दिवसांची गोष्ट सांगितली. परळच्या चाळीत एकच खोली. भीमराव लवकर झोपत, रामजी सुभेदार दोन वाजेपर्यंत जागून त्यांना अभ्यासाला उठवीत आणि त्यांच्या जागी आपण झोपत. जागा वाढवता येत नव्हती म्हणून त्यांनी वेळ वाटली. आम्हीही लॅपटॉपचे भांडण सोडून घराची वेळ बघायला बसलो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई बाबांच्या पाळ्या लिहीत असे. तिथेच उलगडा झाला. पहिली पाळी सात ते तीन, तेव्हा मोबाईल घरात नाही. दुसरी तीन ते अकरा, सकाळी मोबाईल मोकळा. रात्रपाळीच्या आठवड्यात बाबा सकाळी येऊन झोपत, मोबाईल मिळे पण आवाज करायचा नाही. म्हणजे खरी टक्कर तीन आठवड्यांतून एकच. आम्ही मात्र तिन्ही आठवडे भांडत होतो.

मग एका वेळापत्रकाऐवजी तीन केली. दुसऱ्या पाळीला एक लॅपटॉपवर, एक मोबाईलवर. ज्याला आकृती पाहायची त्याला मोठा पडदा, दोघांनाही हवा असेल तर दिवसाआड. रात्रपाळीला तसेच, फक्त कानात इअरफोन आणि उत्तर बोलून न देता लिहून पाठवायचे. ज्याला सर तोंडी विचारणार असतील तो दाराबाहेर ओट्यावर बसे.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात सहा दिवसांच्या बारा टकरी होत. त्या सहा-सहा वाटल्या. मिनिटे मोजायची नाहीत, बुडालेल्या तासिका मोजायच्या. कॅलेंडरवर त्या तारखेखाली "ता" किंवा "धा" लिहायचे. ज्याची तासिका बुडाली त्याने तीन वाजता बाबा आल्यावर आधी मोबाईल घेऊन मित्राकडून आलेले वहीचे फोटो उतरवायचे. धाकट्याला सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'चा थोडा आधार होता. पाठ त्याच दिवशीचा नसे, पण पुस्तक तेच.

एक अपवाद ठेवला. चाचणी असेल तर लॅपटॉप तिचाच, मग पाळी कुणाचीही असो, आणि ते देणे पुढच्या टकरीला फेडायचे. सप्टेंबरात थोरलीच्या रसायनशास्त्राच्या चाचणीसाठी धाकट्याने भूमितीचा तास सोडला आणि दुसऱ्याच दिवशी दहाचा तास मागून घेतला. सोडला नाही, बरे का!

डोंगलचा रोजचा दीड जीबी डेटा मात्र चौथ्या तासिकेला संपे. आधी चित्र थिजे, मग आवाज तुटे. आपला कॅमेरा बंद करून भागले नाही, कारण जास्त डेटा समोरून येणाऱ्या चित्राला लागतो. सेटिंगमध्ये त्याचा दर्जा ३६० पी केला, तेव्हा अकराची तासिका पुरी होऊ लागली. फळ्यावरची बारीक अक्षरे पुसट दिसत, ती सरांना विचारावी लागत.

जून २०२१ मध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली. निकालात दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के नि बारावीच्या वर्षातल्या अंतर्गत गुणांचे ४० टक्के धरले. धाकट्याने जुने कॅलेंडर काढून चाचणीसाठी दिलेले तास मोजले. पाच भरले. पाचही फेडलेले होते, तरी निकालाच्या दिवशी त्याने पेढे दोन मागितले.