अँटिव्हायरसचं दुसरं वर्ष

रत्नागिरी, ९ जून
पाऊस धरलाय. मामा पावसहून लॅपटॉप रेनकोटात गुंडाळून आले. आंब्याच्या पेट्यांचा सगळा हिशेब त्यातच. सकाळी बँकेचा मेसेज आला होता: अँटिव्हायरस कंपनीला परवा ₹२,९९९ जाणार. गेल्या जूनमध्ये भरले होते ₹६९९. "फ्रॉड आहे रे हा," मामा म्हणाले. फ्रॉड नव्हता. गेल्या वर्षीच्या पावतीत तळाला, बारीक अक्षरांत, पुढचा दर छापलेला होता. पहिलं वर्ष म्हणजे नुसता गळ.

खरेदीच्या वेळी दिलेल्या ओटीपीबरोबरच मामांनी दर वर्षी पैसे कापायला संमती दिली होती, म्हणजे ई-मॅन्डेट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कपातीला ₹१५,००० पर्यंत पुन्हा ओटीपी लागत नाही. मात्र निदान २४ तास आधी बँकेने कळवावंच लागतं, आणि तेवढ्यात नकार देता येतो. हा मेसेज तोच.

मेसेजमधल्या लिंकला हात लावला नाही. अशा मेसेजची हुबेहूब नक्कलही फिरत असते. थेट बँकेच्या ॲपमध्ये गेलो. कार्डाच्या पानावर ई-मॅन्डेटची यादी सापडली, कंपनीचं नाव निवडून रद्द केलं. रद्द करायलाही ओटीपी लागतो, म्हणून मामांना फोन हातात धरून बसवलं होतं.

१२ जून
पैसे गेले नाहीत. पण कंपनीची ईमेल आली: पेमेंट झालं नाही, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात. बँकेने पैशाची वाट अडवली, कंपनीच्या दप्तरी मात्र वर्गणी चालूच. मुदत संपायला अजून काही दिवस होते, पैसे आधीच कापायला निघाले होते.

मामा विचारतात, "प्रोग्रामच काढून टाकला तर?" त्याने फक्त प्रोग्राम जातो, वर्गणी राहते. मग कंपनीच्या साइटवर मामांचं खातं उघडलं आणि ऑटो-रिन्यूअल बंद केलं. प्रत्येक पानावर ठळक बटण 'संरक्षण चालू ठेवा', बंद करण्याची ओळ फिक्या अक्षरांत. शेवटच्या पानावर तोच प्लॅन ₹१,१९९ ला देऊ केला! म्हणजे २,९९९ हा गप्प बसणाऱ्याचा भाव. बंद झाल्याची ईमेल आली, ती जपून ठेवली.

असं अडवणं केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध ठरवलं आहे. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. आमचं काम झालं होतं, म्हणून केली नाही.

२३ जून
मुदत संपली. जुना प्रोग्राम काढून लॅपटॉप पुन्हा चालू केला, आणि विंडोजमधला डिफेंडर आपोआप कामाला लागला. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण पाहिली. मामांच्या हिशेबाला आणि ईमेलला एवढं पुरेसं आहे. डिफेंडरला वर्गणी नाही.