पंजा मागावा, ओढू नये

आमच्या मुळशी तालुक्यात पौड-पिरंगुटच्या परिसरातील अनेक घरांमध्ये दिवसभर दोनच पिढ्या असतात. आईवडील पिरंगुटच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कार्यालयांत जातात आणि घरी राहतात आजी-आजोबा व नातवंडे. पावसाळ्यात मुले घराबाहेर फारशी पडू शकत नाहीत आणि घरचा कुत्राही ओटीवरच अंग चोरून बसलेला असतो. मग मूल त्याच्या गळ्यात पडते, पाय ओढते, चेहऱ्याला चेहरा लावते. कुत्रा बहुधा सोसतो. पण एखाद्या दिवशी सोसत नाही. लहान मुलांना कुत्रा चावतो तेव्हा जखम अनेकदा चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा मानेवर असते, कारण मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. असा कुत्रा पुष्कळदा ओळखीचा, घरचाच असतो.

म्हणून आपल्या नातवंडाला कुत्र्याशी मैत्री करायची असेल, तर ‘शेकहँड’ आणि ‘लोळ’ हे दोन खेळ शिकवावेत, असे मी सुचवतो. यांत मूल कुत्र्याला पकडत नाही. ते मागते आणि वाट पाहते. देणे न देणे कुत्र्याच्या हाती राहते. मैत्री जुळते ती या मागण्यात आणि थांबण्यात.

एका घरातील उदाहरण सांगतो. सात वर्षांची नात, अडुसष्ट वर्षांची आजी आणि दोन वर्षांचा गावठी कुत्रा मोती. नात जवळ आली की मोती पलंगाखाली जाई. आजींचे गुडघे दुखत असल्याने त्यांना खाली बसणे शक्य नव्हते, म्हणून सारा सराव त्यांनी खुर्चीत बसूनच घेतला. वेळ ठरली ती कुत्र्याच्या जेवणापूर्वीची, दिवसातून दोनदा, प्रत्येकी चार-पाच मिनिटे. खाऊ म्हणून मीठ-मसाल्याविना उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

पहिले तीन दिवस आजींनी एकट्यानेच सराव घेतला. मोतीला समोर बसवून खाऊ मुठीत झाकला आणि मूठ त्याच्या छातीपेक्षा किंचित खाली धरली. तो हुंगतो, चाटतो, नाकाने ढकलतो. काही उपाय चालेनासा झाला की पंजा उचलून मुठीला लावतो. पंजा लागला त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि मूठ उघडायची. शब्द दोन क्षण उशिरा आला, तर कुत्र्याला वाटते की पंजा खाली ठेवल्याबद्दलच कौतुक झाले. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 साली प्राण्यांना शिकवण्याविषयी लिहिलेल्या लेखात नेमक्या क्षणी दिलेल्या खुणेवरच भर दिला होता. चौथ्या दिवसापासून आजी रिकामा तळहात पुढे करू लागल्या आणि खाऊ दुसऱ्या हातातून देऊ लागल्या. पंजा हमखास येऊ लागल्यावरच, हात पुढे करण्याच्या किंचित आधी, ‘शेकहँड’ हा शब्द जोडला.

दुसऱ्या आठवड्यात नातीची पाळी आली. ती आजींच्या खुर्चीला टेकून उभी राही आणि आजी हाताच्या अंतरावर असत. तिला तीन नियम दिले होते. पंजा आला तर तळहातावर राहू द्यायचा, मुठीत आवळायचा नाही. खाऊ बोटांच्या चिमटीत न धरता सपाट तळहातावर किंवा वाटीत द्यायचा. मोतीने पंजा दिला नाही तर एकदाच पुन्हा विचारायचे आणि मग सोडून द्यायचे. पुष्कळ कुत्र्यांना पंजा धरलेला आवडत नाही. जो पंजा आपण ओढून घेतो, तो कुत्रा पुढच्या वेळी लपवतो.

एक अडचण मात्र आली. मोती जेवणाच्या वेळीही प्रत्येकाच्या मांडीवर पंजा मारू लागला. उपाय सोपा होता : न मागता दिलेल्या पंजाला खाऊ नाही, बोलणे नाही, पाहणेही नाही. काही दिवसांत ती सवय सुटली. ज्येष्ठांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. वयानुसार त्वचा पातळ होते आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी कुत्र्याची नखे कापून घ्यावीत.

‘लोळ’ शिकवायला तीन आठवडे लागले. लादी निसरडी असते, म्हणून जाड गोधडी अंथरली. मोती खाली पसरून बसला की मोठ्या माणसाने खाऊ त्याच्या नाकापासून खांद्याकडे हळूहळू न्यायचा. मान वळते आणि कुत्रा कुशीवर कलतो. तिथेच शाब्बासकी. यासाठी वाकावे लागते, म्हणून हे काम सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी केले. मोती आठवडाभर कुशीवरच अडला. त्याला हाताने उलटवण्याऐवजी त्यांनी रोज थोडे अधिक वळण झाले की खाऊ दिला आणि एके दिवशी तो आपणहून पूर्ण वळला. पुढे मुलीने दोन पावलांवर सरळ उभे राहून हाताने हवेत वर्तुळ काढायचे, एवढेच तिचे काम. तिने कुत्र्यावर ओणवायचे नाही, आणि पोट वर दिसले म्हणून लगेच खाजवायलाही जायचे नाही. भ्यालेला कुत्राही पोट वर करतो. म्हाताऱ्या, गाभण किंवा पाठ दुखणाऱ्या कुत्र्याला हा खेळ शिकवू नये. जेवणानंतरही दोन तास टाळावा.

कुत्र्याला पुरे झाले हे कसे ओळखावे? तो मान फिरवतो, खाऊ नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो किंवा उठून जातो. यांपैकी काहीही दिसले की खेळ थांबवावा. तो गुरगुरला तर रागावू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना असते. ती दाबली तर कुत्रा पुढे न सांगताच चावू शकतो. ही लक्षणे मुलीलाही शिकवली आणि ‘मोती आता नाही म्हणतोय’ असे ती स्वतः सांगू लागली. महिन्याभराने मोती पलंगाखाली जाईनासा झाला. ती अभ्यासाला बसली की तिच्या चटईच्या कडेला येऊन पडे.

कुत्र्याचे रेबीज लसीकरण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर करून घ्यावे. तरीही दात किंवा नख लागून त्वचा खरचटली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. घरचाच कुत्रा आहे म्हणून वाट पाहू नये. आणि पाच वर्षांखालील मुलाला, कितीही खेळ शिकलेल्या कुत्र्याजवळ, क्षणभरही एकटे सोडू नये.