उजवीकडचा शेवटचा १

अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॅम्पस भरतीचा हंगाम सुरू झाला की कोडिंग चाचणीत एक छोटा प्रश्न हमखास दिसतो: दिलेली संख्या दोनाचा घात आहे का? म्हणजे १, २, ४, ८, १६ या रांगेतली आहे का? बहुतेक मुले संख्येला दोनाने भागत सुटतात. उत्तर बरोबर येते, पण परीक्षकाच्या मनात एकच ओळ असते.

```c
(n & (n - 1)) == 0
```

ही ओळ पाठ असणारे पुष्कळ भेटतात. ती का चालते हे सांगणारे मात्र कमी, म्हणून मुलाखतीत मी त्याच्या पुढचे काही विचारण्याआधी एवढेच विचारतो: एक वजा केल्यावर बिटांचे नेमके काय होते?

याचे उत्तर प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीत आहे. ५३०० मधून १ वजा करताना शेवटच्या शून्यातून १ जात नाही, शेजारीही शून्यच, म्हणून थेट ३ पर्यंत जाऊन उसना घ्यावा लागतो. ३ चे २ होतात, मधली शून्ये ९ होतात आणि ५ ला धक्काही लागत नाही. द्विमान पद्धतीतही तेच घडते, फक्त अंक दोनच. सर्वांत उजवीकडचा १ उसना देऊन ० होतो, त्याच्या उजवीकडची सगळी शून्ये १ होतात, डावीकडचा भाग जसाच्या तसा राहतो. आता मूळ संख्या आणि ही नवी संख्या यांचे ‘अँड’ केले, की डावीकडचा सारखा भाग टिकतो आणि उजवीकडचे सगळे शून्य होते. थोडक्यात, उजवीकडचा शेवटचा १ पुसला जातो.

४४ घेऊन पाहू.

```
44 = 101100    43 = 101011    44 & 43 = 101000
40 = 101000    39 = 100111    40 & 39 = 100000
32 = 100000    31 = 011111    32 & 31 = 000000
```

तीन फेऱ्यांत शून्य आले, कारण ४४ मध्ये तीनच सेट बिट आहेत. म्हणजे ‘सेट बिट मोजा’ हा चाचणीतला दुसरा नेहमीचा प्रश्नही याच युक्तीने सुटतो. एकेक बिट उजवीकडे सरकवत तपासले असते, तर सहा फेऱ्या लागल्या असत्या. दोनाच्या घातात सेट बिट एकच असतो, तो पहिल्याच फेरीत पुसला जातो. वरची ओळ एवढेच तपासते.

मोजणीची ही रीत ब्रायन कर्निगन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी डेनिस रिची यांच्यासोबत लिहिलेल्या सी भाषेच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत ती एका स्वाध्यायात आहे. पण पीटर वेग्नर यांनी ती १९६० मध्येच छापली होती.

आता ही ओळ कुठे फसते ते पाहू. पहिली फसगत शून्याची. शून्यात पुसायला १ नाहीच, तरी ‘अँड’ शून्य येते आणि शून्य हा दोनाचा घात ठरतो. म्हणून आधी `n > 0` तपासावे लागते. दुसरी फसगत कंसाची, आणि ती शोधायला अवघड. बाहेरचा कंस गाळून `n & (n - 1) == 0` लिहिले, तर सी भाषा आधी `==` सोडवते. मग n ची किंमत १ असेल तरच उत्तर ‘हो’ येते. २, ४, ८ सगळ्यांना ‘नाही’. एखाद्याने नेमके १ घालून तपासले, तर त्याला कोड बरोबरच वाटेल. जावामध्ये अशी ओळ कंपाइलच होत नाही आणि पायथन आधी `&` सोडवते, त्यामुळे तिथे ती बिनचूक चालते. एका भाषेत सराव करून दुसरीत चाचणी देणारे इथे अडकतात.

तिसरी अडचण ऋण संख्यांची. जावात −१ म्हणजे ३२ च्या ३२ बिट सेट. पुसण्याची रीत ३२ फेऱ्यांत थांबते. पण सरकवण्याच्या रीतीत `>>` वापरले, तर डावीकडून पुन्हा १ च येतो, −१ ची −१ च राहते आणि लूप संपत नाही. तिथे `>>>` हवे. पायथनमध्ये उलटा प्रकार: पूर्णांकाला बिटांची मर्यादा नसल्याने पुसण्याची रीतच −१ पासून −२, −४, −८ अशी खाली जात राहते. चाचणीत मग ‘वेळ संपली’ एवढाच शेरा दिसतो. त्यावर इलाज असा, की मोजण्याआधी संख्या ३२ बिटांत बसवून घ्यायची.

```python
n &= 0xFFFFFFFF
```

त्यानंतर −१ चे उत्तर पायथनमध्येही ३२ येते.