आधी पीळ, मग जंतू

उमरखेडहून किंवा वणीहून यवतमाळला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर रस्ता आहे. झरी-जामणीच्या आतल्या एखाद्या पोडावरून निघालं, तर आधी डांबरी रस्ता गाठण्यातच वेळ जातो. मी शल्यचिकित्सक आहे आणि हे अंतर माझ्या कामात एका आजारापुरतं फार बोचतं. वृषणाला पीळ बसला, म्हणजे आम्ही ज्याला टॉर्शन म्हणतो ते झालं, तर दुखणं सुरू झाल्यापासून साधारण ६ तासांत तो सोडवावा लागतो. तेवढ्या वेळात बहुतेक वृषणं वाचतात. १२ तास झाले की निम्मी हातची जातात आणि २४ तासांनंतर एखादंच वाचतं.

खरी अडचण अशी की याच जागी दुखणारा, सुजणारा आणि याहून कितीतरी अधिक आढळणारा दुसरा एक आजार आहे. वृषणाच्या मागच्या बाजूला एक लांबट, गुंडाळलेली नळी चिकटलेली असते, तिला एपिडिडायमिस म्हणतात. वृषणात तयार झालेले शुक्राणू तिच्यातून पुढे जाताना परिपक्व होतात. मूत्रमार्गातले जंतू उलट्या वाटेने या नळीपर्यंत पोचले की तिला सूज येते, हाच एपिडिडायमायटिस. तो प्रतिजैविकाने बरा होतो. पिळाला मात्र प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिथे जंतू नसतात, रक्तपुरवठा तुटलेला असतो. म्हणून ‘सूज आहे, पाच दिवसांच्या गोळ्या घ्या’ हा सल्ला एकाला बरं करतो आणि दुसऱ्याचं वृषण घालवतो.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका मुलाची हकिगत सांगतो. वय चौदा, वसतिगृहात राहणारा. पहाटे तीनच्या सुमारास दुखण्यानेच त्याला जाग आली आणि दोनदा उलटी झाली. अधीक्षकांना त्याने ‘पोट दुखून रायलं’ एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं ते. वृषणाच्या नसा पोटातून खाली आलेल्या असतात, त्यामुळे बेंबीखाली आणि जांघेतही दुखतं. पण दुखतं कुठे हे मोठ्या माणसाला सांगायची त्याला लाज वाटली आणि चड्डी उतरवून कुणी पाहिलं नाही. पोटदुखीची गोळी मिळाली. सकाळी सूज लपेना, तेव्हा गावातल्या दवाखान्यात प्रतिजैविकाचं आणि वेदनाशामक इंजेक्शन दिलं गेलं. संध्याकाळी दुखणं उतरलं, सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सूज दुप्पट झालेली पाहून बाप त्याला घेऊन आला. ‘काल तर बरं वाटत होतं साहेब पोट्ट्याले,’ असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ते बरं वाटणंच फसवं होतं. रक्त न मिळालेली पेशी मरते, तशी तिथली नसही मुकी होते, आणि दुखणं थांबतं. शस्त्रक्रियेत वृषण काळंठिक्कर निघालं, दोन पूर्ण वेढे बसलेले होते. पीळ सोडवून गरम सलाइनच्या कापडात ते गुंडाळून ठेवलं आणि रंग परततो का याची वाट पाहिली. परतला नाही. ते काढावं लागलं. दुसऱ्या बाजूचं वृषण न विरघळणाऱ्या टाक्यांनी आतून पक्कं केलं, कारण ज्या जन्मजात ढिलाईमुळे एका बाजूला पीळ बसतो ती बहुधा दोन्ही बाजूंना असते. एका वृषणावर मुलगा नीट वाढतो, पुढे बापही होऊ शकतो, हे मी त्याच्या वडिलांना सांगितलं. तरी ते वाचवता आलं असतं, हे खरंच आहे.

तीन वाजता त्याला तपासलं असतं तर काय दिसलं असतं? दुखणारं वृषण वर खेचलेलं आणि उभं असण्याऐवजी आडवं पडलेलं. मांडीच्या आतल्या बाजूला बोटाने हलकं ओढलं की त्या बाजूचं वृषण आपोआप वर सरकतं. पीळ असेल तर ही हालचाल बहुधा होत नाही. जोडीला एकाएकी सुरुवात, मळमळ किंवा उलटी, आणि लघवीची काहीच तक्रार नाही, ताप नाही. एपिडिडायमायटिसमध्ये दुखणं दिवसा-दोन दिवसांत चढत जातं, लघवीला जळजळ असते, ताप येऊ शकतो, आणि सुरुवातीला हात लावला तर वृषणापेक्षा त्यामागची नळीच जास्त दुखते. वृषण हाताने उचलून धरलं की आराम पडतो का, ही जुनी कसोटी पुस्तकांत आहे; तिच्या भरवशावर कुणी पीळ नाकारू नये, ती चुकते. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, ती हाताशी असेल तर उत्तम. पण रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी ती करणारं कुणी नसतं, आणि सकाळी करू म्हणून थांबणं म्हणजे ते सहा तास घालवणं. लक्षणं पिळाची असतील तर सोनोग्राफीविना शस्त्रक्रिया करावी, असं माझं ठाम मत आहे. आत पीळ निघाला नाही तर मुलाच्या अंगावर एक लहानशी खूण राहते, एवढंच.

माझ्या ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण सहकाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. गाडी येईपर्यंत पीळ हातानेही सोडवून पाहता येतो. बहुतेक वृषणं आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या रेषेकडे फिरलेली असतात. म्हणून समोर बसून ती बाहेर, मांडीकडे फिरवायची, पुस्तकाची पानं उघडावीत तशी. एकदम आराम पडला आणि वृषण खाली उतरलं तर जमलं. दुखणं वाढलं तर थांबून उलट दिशेने, कारण सुमारे एक तृतीयांश वृषणं बाहेरच्या बाजूला फिरलेली असतात. जमलं तरी मुलाला पुढे पाठवायचंच, कारण थोडा वेढा शिल्लक असू शकतो आणि टाके घालून पक्कं केल्याशिवाय पीळ पुन्हा बसतो.

पीळ नाही याची खात्री झाली, की मगच प्रतिजैविकाचा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर बरंचसं वयावर व राहणीवर ठरतं. पौगंडावस्थेआधीच्या मुलांत लघवी स्वच्छ असेल तर बहुधा जंतूच नसतात. त्यांना प्रतिजैविकही लागत नाही.

लैंगिक संबंध असलेल्या, पस्तिशीच्या आतल्या पुरुषात मुख्य संशय क्लॅमिडिया आणि गोनोरिया या दोघांवर असतो. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्यावर गाडी चालवणारे, वणीच्या कोळसाखाणीत कामाला आलेले, घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणारे तरुण माझ्याकडे येतात. त्यांना मी एकट्याने आत बसवतो, सोबत्याला बाहेर. गोनोरियासाठी सेफ्ट्रियाक्सोन ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन आणि क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. दोन्ही जंतू एकत्र असू शकतात, म्हणून दोन्ही औषधं. औषधदुकानातून आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिन इथे चालत नाही, गोनोरियाचा जंतू तिला केव्हाचाच पुरून उरला आहे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घ्यायची, दुधासोबत नाही. आणि त्या दिवसांत उन्हात राबताना अंग झाकायचं, कारण तिच्यामुळे कातडी भाजल्यासारखी होते. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करतो. बायकोवर किंवा जोडीदारावरही उपचार करायला सांगतो. ही गोष्ट त्यांना सगळ्यांत जड जाते. पण उपचार झाले नाहीत तर तिच्या गर्भनलिका बंद होऊ शकतात, आणि मूल होत नाही म्हणून बोल पुढे तिलाच लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

साठीच्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यात जंतू आतड्यातले, बहुधा ई-कोलाय, आणि मूळ कारण प्रोस्टेटचं: लघवी पूर्ण होत नाही, साचून राहते, तिथे जंतू वाढतात. कधी नळी घातल्याचं निमित्त होतं. परदेशी मार्गदर्शनात इथे लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, १० दिवस असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ई-कोलाय या गटातल्या औषधांना इतका सरावला आहे की अंदाजाने ती देणं मला पटत नाही. पहिला डोस देण्याआधी लघवीचं कल्चर पाठवतो, ताप जास्त असेल तर दाखल करून शिरेतून औषध सुरू करतो आणि अहवाल आल्यावर बदलतो. अहवालात पुष्कळदा नायट्रोफ्युरँटोइन ‘लागू’ असं लिहून येतं आणि एखादा डॉक्टर तेच लिहून देतो. हे औषध लघवीत उतरतं, एपिडिडायमिसच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. लघवी स्वच्छ होते, सूज तशीच राहते. शिवाय सूज उतरल्यावर लघवी करून झाल्यावर किती साचते हे सोनोग्राफीत पाहिलं नाही, तर तोच माणूस पुन्हा येतो.

योग्य औषधाने तीन दिवसांत दुखणं आणि ताप कमी व्हायला हवा. गाठ उतरायला काही आठवडे लागतात. तीन दिवसांत फरक नाही तर पू झाला आहे का हे पाहायचं. आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारी, फारशी न दुखणारी टणक गाठ, अंडकोषाच्या मागून वाहणारी जखम, लघवीत पू पण कल्चरमध्ये काहीच नाही, असं दिसलं तर आपल्या भागात क्षयरोग शोधलाच पाहिजे. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही काही अंशी चालते. म्हणून तिच्याने अर्धवट बरं वाटतं, निदान लांबतं. यवतमाळ फायलेरियाच्या पट्ट्यातही येतो. वारंवार सुजणाऱ्या अंडकोषात तोही विचारात घ्यावा लागतो.

आईवडिलांना, आश्रमशाळांच्या अधीक्षकांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे. दहा ते वीस वर्षांचा मुलगा अचानक पोट दुखतं म्हणून उठला, ओकला, तर त्याला बाजूला नेऊन खाली दुखतं का हे स्पष्ट विचारा आणि डॉक्टरांना पाहायला सांगा. असेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा. पुढच्या दवाखान्यात शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का हे निघण्याआधी विचारून घ्या. उमरखेडकरांना नांदेड, वणीकरांना चंद्रपूर, पांढरकवड्याच्या लोकांना आदिलाबाद जवळ पडतं. जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द बघू नका. आणि निघताना मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, पोचल्याबरोबर भूल द्यावी लागेल.